प्रश्नचिन्ह कोण, आणि ते जेवणार का?

डहाणू-तलासरीकडे हल्ली टाइप करतो कोण? ज्याचे दोन्ही हात मोकळे आहेत तोच, आणि चिकूच्या तोडणीत असा माणूस घोलवड-बोर्डीत औषधालाही सापडत नाही. बाकीचे कीबोर्डावरच्या माइकला बोट लावतात आणि बोलत सुटतात. बोललेलं मराठी जोडाक्षरांसकट उमटतं. इथवर झकास. गोची होते ती वाक्य संपल्यावर, कारण ते संपल्याचं फक्त बोलणाऱ्याला ठाऊक असतं.

आमच्या शेजारचे वाडीवाले काका निवृत्त मास्तर, शुद्धलेखनाला कडक. विरामचिन्हं तोंडाने सांगायची, असं त्यांना कुणीतरी शिकवलं. त्यांनी तलासरीच्या व्याह्यांना मेसेज केला. तो पोचला असा: ‘नमस्कार स्वल्पविराम उद्या येतोय पूर्णविराम जेवायला थांबू का प्रश्नचिन्ह’. व्याह्यांचं उत्तर आलं, ‘अवश्य या. बाकी तिघांचंही ताट करतो, पण ही मंडळी कोण?’

खुलासा करायला काका पुन्हा बोलू लागले, मध्येच अडखळले आणि फोनला म्हणाले, ‘खोड ते.’ फोनने ‘खोड ते’ लिहिलं. ‘अरे, मागचं काढ!’ तेही लिहिलं. पुढे काका जे म्हणाले ते मास्तरांना शोभणारं नव्हतं, पण फोनने त्यातही एक अक्षर चुकवलं नाही.

आता यात काकांचा दोष म्हणावा, तर तसंही नाही. फोनचं राहू द्या, गूगल डॉक्सचीच मदतीची पानं उघडा. विरामचिन्हं बोलून उमटवायची सोय तिथे इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश अशा मोजक्या भाषांना दिली आहे. त्यांत मराठी नाही. आणि मजकूर निवडणं, खोडणं या आज्ञा तर फक्त इंग्रजीत. `Delete last word` म्हटलं की शेवटचा शब्द जातो खरा, पण खात्याची भाषाही इंग्रजी हवी आणि मजकुराचीही. म्हणजे मराठीतली चूक दुरुस्त करायची, तर आधी मराठी सोडा.

मग निदान थांबून तरी बघावं? बोलताना आपण वाक्य संपलं की थांबतोच. पण काकांचा फोन या शांततेतून एकच अर्थ काढतो: माणूस आटोपला. जरा जास्त थांबलं की माइक बंद. म्हणून काका न थांबता बोलतात. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते, तेव्हा हा प्रकार डब्यातही चालतो. तिथे एका सांत्वनाच्या मेसेजात ‘त्यांच्या आत्म्याला’ आणि ‘शांती लाभो’ यांच्या मधोमध ‘पुढील स्टेशन वाणगाव’ येऊन बसलं होतं. आत्म्यालाही मार्ग कळला.

हसण्यावारी न्यावं, तर पैशाचं नुकसान होतं. काकांच्याच वाडीतल्या गड्याला मालकाचा मेसेज आला: ‘चिकू उतरवू नका गाडी आल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत’. मालकाने ‘आल्याशिवाय’नंतर श्वास घेतला होता. गड्याने तो ‘नका’नंतर घेतला. मालकाला म्हणायचं होतं, गाडी दारात आली की उतरवा, नाहीतर माल पडून राहील आणि पैसे बुडतील. गड्याला कळलं, चिकू उतरवायचेच नाहीत आणि मजुरीही गाडी आल्यावरच. गाडी आली. गडी झाडाखाली बसून होता. चिकू झाडावर होते. तिघेही आपापल्या जागी बरोबर.

मराठीला ही विरामचिन्हं मेजर थॉमस कँडी या इंग्रजाने लावली. त्याचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० सालचं. त्याआधी मोडीतले कारकून ओळीच्या ओळी सलग लिहीत. शब्दांमध्येही जागा सोडत नसत. तरी राज्यकारभार चालला, कारण वाक्य कुठे संपतं हे क्रियापदावरून कळे. अट आधी, क्रियापद शेवटी. बोलण्याच्या भरात आपण ‘उतरवू नका’ म्हणून मोकळे होतो आणि ‘गाडी आल्याशिवाय’ मागून चिकटवतो. ते शेपूट मग कुठल्याही वाक्याला लागतं. ‘गाडी आल्याशिवाय चिकू उतरवू नका’ असं म्हटलं असतं, तर कँडीसाहेबाची गरजच नव्हती.

हे काकांच्या डोक्यात आलं मात्र, त्यांनी स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह या तिघांनाही रजा दिली. आता ते पेशवाई थाटात बोलतात. परवा ग्रुपवर त्यांचा मेसेज पडला: ‘विशेष विनंती ऐसी की उदईक सहा घटका दिवसास गाडी वाडीत येईल ती येताच माल उतरवावा विलंब न करावा बहुत काय लिहिणे’.

गड्याचा लगेच फोन आला. ‘काका, समदं कळलां. पण सहा घटका म्हंजे किती वाजता?’