नऊ म्हणजे नऊ

निशी-कासाईतल्या आपल्या इमारतीत राहणाऱ्या सर्व मराठी मंडळींना स्वयंसेवकाचा (बिनपगारी, तरीही रोज जाब देणारा) सप्रेम नमस्कार.

गेटवर लावलेल्या कागदाचा फोटो काढून त्याचं मराठी करून द्यायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं. मजकूर असा: बुधवारी सकाळी ९ ते दुपारी ३ पाणी बंद राहील, कारण टाकीची सफाई. वर जो ७ आकडा दिसतो ती तारीख नव्हे, ते रेइवा सन ७ आहे, म्हणजे २०२५. सात तारखेला पाणी जाणार असं समजून ज्यांनी आधीच पिंपं भरली, त्यांनी ती झाडांना घालावीत.

संध्याकाळपर्यंत लिफ्टमध्ये मला तीन कारणं ऐकवण्यात आली: भूकंपाची तयारी, बिल थकलंय, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मांडलेलं, ‘हे लोक काहीतरी लपवताहेत’. लपवलेलं काही नाही. रस्त्याखालच्या नळातलं पाणी आधी खालच्या टाकीत येतं, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत आणि तिथून आपल्या नळात. खालची टाकी १० घनमीटरपेक्षा मोठी असली की वर्षातून एकदा तरी ती धुवावी लागते, असा इथला कायदा आहे. पुण्यात आमच्या सोसायटीची टाकी कधी धुतली हे विचारलं तर चेअरमन देवाकडे बोट दाखवायचे.

सहा तास कशाला, हा प्रश्न देशपांडेदादांनी विचारला, म्हणून सांगतो. पाणी उपसायचं, भिंती घासायच्या, धुवायच्या, मग क्लोरीनचं द्रावण फवारून किमान अर्धा तास थांबायचं, पुन्हा धुवायचं आणि हे फवारणं-धुणं आणखी एकदा. मग टाकी भरून पाण्याचा रंग, गढूळपणा, वास आणि उरलेलं क्लोरीन तपासतात. ‘चालतंय की’ असं म्हणणारा माणूस त्या पथकात नेमलेला नाही.

आता मुख्य विनंती. ९ म्हणजे ९. आपल्याकडे ‘९ वाजता पाणी जाईल’ याचा अर्थ ‘सव्वादहापर्यंत कपडे धुऊन घ्या’ असा होतो, तो इथे लावू नये. ८:५५ ला सगळ्यांनी एकदम बादल्या लावल्या तर ९ च्या आधीच धार बारीक होईल, कारण भरलेल्या टाकीचं पाणी गटारात जाऊ नये म्हणून सफाईआधी अनेकदा पातळी मुद्दाम उतरू देतात. पिण्याचं पाणी मंगळवारी रात्रीच भरावं. मंगळवारच्या आंघोळीचं टबातलं पाणीही सोडून देऊ नये. इथले टब साधारण २०० लिटरचे असतात आणि संडासाला एका वेळी अर्धी-पाऊण बादली पुरते, तेव्हा सहा तासांत कोणाच्या घरी एवढी गरज पडलीच तर ती तक्रार पाणीखात्याकडे नव्हे, डॉक्टरांकडे न्यावी. लहान मुलं असलेल्या घरी टबावर झाकण ठेवावं आणि न्हाणीघराचं दार लावून घ्यावं.

मला खरी भीती कोरड्या नळाची नाही, उघड्या नळाची आहे. सकाळी ११ ला नळ सोडायचा, ‘अरे हो, पाणी नाही’ म्हणायचं, तसाच सोडून ऑफिसला जायचं आणि सिंकच्या जाळीवर चहाचा चोथा. दुपारी ३ ला पाणी येतं, तुम्ही येता ८ ला, आणि मधल्या वेळेत खालच्या मजल्यावरच्या जपानी आजींच्या छताला ओल धरते. आजी ओरडणार नाहीत. त्या वाकून नमस्कार करतील आणि विम्याचा कागद पुढे करतील. घराबाहेर पडताना प्रत्येक नळ हाताने फिरवून बघावा, वॉशिंग मशीनचाही.

पाणी आल्यावर पहिला नळ न्हाणीघरातला, तोही थंडच, सोडावा. शक्य असेल तर तोंडाची जाळी काढावी. गीझर, वॉशिंग मशीन आणि संडासातलं ते बटणांचं सिंहासन यांना पहिल्या धारेपासून लांब ठेवावं, कारण नळांत सुटलेला गंज थेट त्यांच्या बारीक जाळ्यांत जाऊन बसतो. पाणी दुधासारखं आलं तर घाबरून बाटल्यांची पेटी मागवू नये. काचेच्या ग्लासात धरावं. तळाकडून वर निवळत गेलं तर ती नुसती हवा. तांबूस आलं तर तो गंज. तेव्हा नितळ होईपर्यंत वाहू द्यावं आणि तोवर पांढरे शर्ट धुवायला काढू नयेत. बराच वेळ वाहूनही रंग गेला नाही, तर फोन इमारतीच्या व्यवस्थापकांना करावा, मला नव्हे.

आपला,
स्वयंसेवक

ता. क. ‘आमच्याकडे पाहुणे आहेत, तेवढा वेळ बारीक धार चालू ठेवायला सांगा,’ अशी लेखी विनंती चौथ्या मजल्यावरून आली आहे. ती मी पुढे पाठवलेली नाही. टाकीत माणसं उतरलेली असतील.