निधीदात्याला खरे कळवण्याची कृती

अंतरिम आकडे कसे जाहीर करावेत, हे यवतमाळ जिल्ह्याला महसूल खात्याने केव्हाच शिकवून ठेवले आहे. खरिपाची नजर पैसेवारी सप्टेंबरअखेर निघते, सुधारित ऑक्टोबरअखेर आणि अंतिम डिसेंबरअखेर. आकडा तीनदा निघतो, दोनदा बदलू शकतो आणि तो बदलला म्हणून कोणी तहसील कार्यालयाचा निधी परत मागत नाही. संशोधन प्रकल्पाच्या समन्वयकाला ही सवलत नसते. पहिल्या प्रस्तावात लिहिलेला आकडा त्याने शेवटपर्यंत तसाच मिरवावा, अशी अपेक्षा असते. त्यामुळे प्रगती अहवालात खरे लिहिणे ही एक अपारंपरिक पद्धत समजली जाते. ती ज्यांना करून पाहायची आहे त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन.

आधी प्रकल्प लागतो. समजा, तो मारेगाव तालुक्यातला आहे. २०१७ साली याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो दवाखान्यात भरती झाली, तेव्हा विषय शोधायला लांब जावे लागत नाही. एका गटाला अंगावर घालायचे संरक्षक साहित्य आणि ते वापरण्याचे प्रशिक्षण, दुसऱ्या गटाला नेहमीचा सल्ला. कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरणार. मोजायचे काय, तर रक्तातले कोलिनेस्टरेज. मोनोक्रोटोफॉससारखी औषधे अंगात गेली की ते उतरते. हंगामाआधीच्या पातळीपेक्षा ते २० टक्क्यांहून जास्त उतरले, तर त्या माणसाला ‘बाधा झाली’ असे धरायचे. यापुढचे प्रकल्पाचे सगळे आकडे उदाहरणापुरते मांडलेले आहेत. ते कोणत्याही अहवालातून घेतलेले नाहीत.

प्रस्तावात गणित असे होते: नेहमीच्या गटात ४० टक्के लोकांना बाधा होईल, साहित्य मिळालेल्या गटात २५ टक्के. एवढा फरक खरोखर असेल, तर तो शंभरातून ८० वेळा पकडता यावा म्हणून दोन्ही गट मिळून सुमारे ३०० जणांचे दोन्ही वेळचे रक्त हाती यायला हवे. चौथा हिस्सा मध्येच गळेल असे धरून ४०० जणांची नोंदणी ठरली. मुदत तीन खरीप हंगाम, आणि पहिल्या दोन हंगामांतच ४०० पूर्ण. हा शेवटचा भाग कुठून आला, ते विचारू नये. प्रस्ताव पुण्यात लिहिला गेला होता आणि तेव्हा उन्हाळा होता.

आता दोन हंगाम झाले आहेत. नोंदणी १६८.

इथे पारंपरिक पद्धत काय सांगते ते आधी पाहू, कारण मोह ओळखता आला पाहिजे. पारंपरिक अहवालात १६८ हा आकडा येतच नाही. तिथे ‘५,००० हून अधिक लाभार्थ्यांपर्यंत पोहोचलो’ असे येते, कारण पोळ्याच्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून माहिती दिली होती. किंवा आलेख काढला जातो. त्यात नोंदणीची रेषा वर चढत असते, आणि एकूण बेरजेची रेषा वरच चढणार, तिला दुसरा मार्ग नाही. ठरलेल्या वेगाची रेषा शेजारी काढली की दोघींमधली फट दिसते, म्हणून ती दुसरी रेषा काढायची नाही. आपण ती काढायची. दोन हंगामांनंतर ती ४०० वर आहे आणि आपली १६८ वर, हे पहिल्या पानावर एका वाक्यात लिहायचे. पहिल्याच पानावर, कारण निधी देणाऱ्या कार्यालयात दुसरे पान उलटले जाते याचा पुरावा उपलब्ध नाही.

मग कारण लिहावे. ‘स्थानिक आव्हाने’ हे कारण नव्हे. कारण असे आहे की पहिले रक्त फवारणी सुरू होण्याआधी घ्यावे लागते; एकदा फवारा मारला की त्या माणसाची मूळ पातळी त्या वर्षापुरती हातची गेली. माणूस गावात सापडला पाहिजे, त्याच्या पंपाने अजून औषध पाहिलेले नसले पाहिजे आणि ही दोन्ही सुखे पेरणी ते पहिली फवारणी एवढ्याच थोड्या आठवड्यांत एकत्र नांदतात. त्या आठवड्यांत तो डवरणी-निंदणीत अडकलेला असतो. पंपामागे मजुरी घेणाऱ्याचा सकाळचा एक तास म्हणजे बुडालेले पैसे. पहिल्या हंगामात ६१ जण मिळाले, दुसऱ्यात १०७. दुसऱ्या हंगामात २६० जणांशी बोलणे झाले होते; उरलेल्या १५३ पैकी काहींनी फवारणी आधीच उरकली होती, काहींना मालकाने सोडले नाही आणि काहींनी एका ओळीत विषय संपवला: ‘रगत काहून देऊ भाऊ, मले काई झालं नाही.’ ही विभागणी आकड्यांनिशी अहवालात द्यावी. कोणते दार उघडता येईल आणि कोणते नाही, हे तिच्यातूनच कळते. आधीच फवारणी झालेल्यांसाठी लवकर जाता येते. रक्ताला नकार देणाऱ्यापुढे तिसरी चक्कर मारली, तर ती जबरदस्ती होते.

यानंतर निकालांचा भाग येतो आणि इथे खऱ्या कसोटीला सुरुवात होते. निधीदात्याच्या पत्रात एक गोड प्रश्न असतो: ‘काही कल दिसतोय का?’ १६८ पैकी १३२ जणांचे दोन्ही वेळचे रक्त मिळाले आहे आणि त्यांपैकी ३६ जणांना बाधा झाली. समन्वयकाच्या संगणकात गटांची यादीही आहे. एक कळ दाबली की कोणत्या गटात किती ते कळेल.

ती कळ दाबू नये. कारण सभ्यतेचे नाही, हिशेबाचे आहे. साहित्याचा काडीचाही उपयोग नसला, तरी शेवटी एकदाच पाहिल्यास योगायोगाने ‘उपयोग झाला’ म्हणण्याची चूक शंभरात पाचदा होते. तोच हिशेब जमणाऱ्या माहितीवर पाच वेळा पाहिला आणि फरक दिसताच थांबलो, तर ही चूक शंभरात सुमारे चौदा वेळा होते; दहा वेळा पाहिला तर एकोणीस. आर्मिटेज आणि सहकाऱ्यांनी हे १९६९ मध्येच दाखवले आहे. म्हणून मध्ये पाहायचे असेल, तर केव्हा आणि कोणी हे आधी लिहून ठेवतात आणि त्या वेळी पट्टी उंच करतात. ओब्रायन-फ्लेमिंग यांच्या पद्धतीत निम्म्या माहितीवर पाहताना शंभरात पाच चालत नाही, हजारात सुमारे पाचच चालते. पाहणारी समितीही स्वतंत्र असते. गावात रक्त घेणाऱ्यांना कल कळला, तर पुढचा माणूस नोंदवताना त्यांचा आवाज बदलतो. निधीदात्याला कळला, तर पुढचा हप्ता बदलतो.

हे पुस्तकी नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने तोंडाच्या कर्करोगात मानेच्या गाठी सुरुवातीलाच काढाव्यात की वाढल्यावर, याची तुलना २००४ ते २०१४ अशी चालवली. एवढ्या मोठ्या रुग्णालयातही दहा वर्षांत ५९६ रुग्ण झाले. पहिल्या ५०० जणांचा निकाल नियंत्रण समितीच्या निर्णयानुसार पाहिला गेला: तीन वर्षांनी पहिल्या गटात ८० टक्के जिवंत, दुसऱ्यात साडेसदुसष्ट. तिथे पाहण्याचा अधिकार समितीचा होता. आपल्या उदाहरणात समितीची पाळी १५० जणांचे रक्त हाती आल्यावर येणार आहे आणि आपण १३२ वर आहोत. तेव्हा ‘कल’ या रकान्यात लिहायचे: ‘गटवार निकाल पाहिलेला नाही.’

पण एकत्रित आकडा पाहता येतो आणि तो बरेच काही सांगतो. १३२ पैकी ३६ म्हणजे २७ टक्के. प्रस्तावातल्या ४० आणि २५ ची सरासरी साडेबत्तीस होती. म्हणजे बाधा अपेक्षेपेक्षा कमी आहे. मारेगावकरांसाठी ही चांगली बातमी आणि प्रकल्पासाठी वाईट. पारंपरिक अहवाल इथे थांबतो आणि ‘जनजागृतीमुळे विषबाधेत घट’ असे शीर्षक देतो. आपण गणित पुन्हा करायचे. साहित्याचा प्रभाव पूर्वी धरला त्याच प्रमाणात आहे असे मानले, तर आता ३३ विरुद्ध साधारण साडेवीस टक्के असा फरक शोधायचा आहे. घटना कमी, फरकही कमी, म्हणून माणसे जास्त: दोन्ही वेळचे रक्त ३०० ऐवजी सुमारे ३९० जणांचे लागेल. गळती २१ टक्क्यांवर आहे, ती तशीच राहिली तर नोंदणी ५०० हवी. दोन वर्षांत उद्दिष्ट जवळ आले नाही, ते शंभर पावले मागे सरकले. हे वाक्य अहवालात याच शब्दांत लिहू नये, पण अर्थ हाच ठेवावा.

आता सुधारित अंदाज. जुनी पद्धत अशी की राहिलेली माणसे भागिले राहिलेले महिने, आणि आलेले उत्तर म्हणजे ‘वाढवलेला वेग’. त्या हिशेबाने ३३२ जण एका हंगामात मिळायला हवेत, म्हणजे मागच्या हंगामाच्या तिपटीहून जास्त. क्लिनिकल चाचण्यांच्या जगात मुएंचचा म्हणून एक थट्टेचा नियम फिरतो: जेवढे रुग्ण मिळतील असे आश्वासन दिले जाते, त्या आकड्याला किमान दहाने भागावे. आपण भागाकार टाळून दोन अंदाज द्यावेत. मागच्या हंगामासारखेच गेले, तर १०७ आणखी, एकूण २७५. तिसरी तुकडी नेमली आणि मार्डी-कुंभा भागात पेरणीबरोबरच जाता आले, तर १६०, एकूण ३२८. यापलीकडचा आकडा देऊ नये. त्याच्या पुढे लगेच लिहावे की २७५ वर थांबलो, तर खरा फरक पकडण्याची शक्यता शंभरात ५५ राहते आणि ३२८ वर ६२. वचन ८० चे होते.

मग पर्याय. चौथा हंगाम आणि त्याचा खर्च. किंवा शेजारचा वणी तालुका घेणे, ज्याला नीतिमत्ता समितीची नवी मंजुरी आणि क्लिनिकल चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत दुरुस्ती लागेल. किंवा आहे त्यात पूर्ण करून निकाल ‘अनिर्णित’ येण्याची तयारी ठेवणे. तिसरा पर्यायही लिहावाच. तो लिहिला नाही, तर बहुधा तोच होतो. एक चौथा पर्याय काही ठिकाणी सुचवला जातो: २० टक्क्यांची रेषा १५ वर आणायची, म्हणजे बाधित वाढतील. तो लिहायची गरज नाही, पण कोणी बैठकीत सुचवला, तर सुचवणाऱ्याचे नाव इतिवृत्तात घ्यावे. तो पुन्हा सुचवला जात नाही.

अहवाल केव्हा पाठवावा? आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणून सगळे तेव्हा पाठवतात. मारेगावात हे उशिराचे आहे. सालगड्याचे साल गुढीपाडव्याला बदलते. नोंदवलेला माणूस दुसऱ्या मालकाकडे, कधी दुसऱ्या गावात जातो आणि नव्या तुकडीच्या मंजुरीची वाट पाहत बसलो, तर तो शोधायचा कोणी? अहवाल फेब्रुवारीत जावा, म्हणजे निर्णय मे महिन्यात येईल आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी माणसे नेमता येतील.

उत्तर मात्र आठवड्यातच येईल, आणि ते पुन्हा ‘पण तुमचा अंदाज काय?’ असे असेल. त्यावर पाठवायचा मजकूर असा: ‘नमस्कार मॅडम, आमचा अंदाज पृष्ठ २ वर आहे. गटवार निकाल आम्हालाही माहीत नाही. तिसऱ्या तुकडीचे अंदाजपत्रक सोबत जोडले आहे. कृपया १५ मेपूर्वी कळवावे, त्यानंतर मंजुरी मिळाली तर हा हंगाम गेलेला असेल.’