‘सर, डेटा वापरू का?’

शिरूर-दौंडमधल्या उसाच्या शेतांचे जीपीएस बिंदू उपग्रहचित्रांशी ताडणारी विद्यार्थिनी सहलेखक सरांना ईमेल करते: ‘आपल्या डेटासेटचा संदर्भ देऊन पेपरात वर्णन लिहू का?’ आठवड्याने उत्तर येतं: ‘अवश्य.’ पण संदर्भ कशाचा? फाइलचं नाव `final_new2.xlsx`. डीओआय नाही, आवृत्ती नाही. लागवडीची तारीखही नाही, त्यामुळे जुलैतला आडसाली ऊस आणि जानेवारीतला सुरू एकाच रकान्यात. उपग्रहाला मात्र ती दोन वेगळी पिकं दिसू शकतात. बिनचूक आहे ते शेतकऱ्याचं नाव आणि गट नंबर, म्हणजे नेमकं छापायचं नसतं तेच. पोरी, परवानगी मिळाली. आता नोंदी कोणी, कधी घेतल्या आणि त्यातलं काय झाकायचं, ते सरांकडून लेखी घे.