परगावी केकसोबत पाठवायच्या चिठ्ठीची लेखनपद्धती

परगावी केक पाठवताना कार्डावरचा मजकूर ऑर्डरच्या पानावरील एका चौकटीत टंकावा लागतो. अनेक दुकानांत एकच चौकट असते आणि तिच्यातला मजकूर केकवरही उतरतो नि कार्डावरही. चौकटीशेजारी बारीक अक्षरांत मर्यादा दिलेली असते, उदाहरणार्थ 25. ही संख्या अक्षरांची आहे असे समजून मराठी माणूस निश्चिंत होतो आणि तिथेच फसतो.

संगणक काना, मात्रा, वेलांटी आणि हलंत ही सर्व स्वतंत्र चिन्हे धरतो. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ यात डोळ्यांना बारा अक्षरे दिसतात. संगणकाच्या हिशोबाने मधल्या दोन मोकळ्या जागांसह चिन्हे 29 होतात. चौकट पंचविसाव्या चिन्हाला मिटते. अशा वेळी बंगळूरच्या सत्तर वर्षांच्या काकांना मिळणारे कार्ड असे असते: ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभे’. संगीत नाटकातला नायक नायिकेला घालतो ती हाक निवृत्त बँक व्यवस्थापकाला उद्देशून आल्यावर घरात जी शांतता पसरते, तिच्यावर उपाय उपलब्ध नाही.

यावर रोमन लिपीचा तोडगा काढला जातो. त्याला दुसरेही कारण आहे: दुकानाच्या छपाईयंत्रात देवनागरीची सोय नसेल तर कार्डावर नुसते चौकोन उमटतात. `Kaka, 70 chya shubhechchha` हा मजकूर 26 चिन्हांचा भरतो. स्वल्पविराम काढल्यास नेमका बसतो, परंतु पाठवणाऱ्याच्या नावाला जागा उरत नाही. ‘तीर्थरूप काकांस साष्टांग नमस्कार’ हा मायना पोस्टकार्डाच्या काळातच शोभत होता.

दुकानदारासाठीच्या सूचना या चौकटीत लिहू नयेत. समोरचा कारागीर मजकूर वाचत नाही, उतरवतो. त्यामुळे ‘नाव जरा मोठे काढा’ हे वाक्यही क्रीमने सुबक काढलेले मिळते.

सहीबाबत मात्र तडजोड नको. ऑर्डरची पावती पाठवणाऱ्याला जाते, केक घेणाऱ्याला नव्हे. त्याच्या हाती फक्त कार्ड असते. ‘आम्ही सर्व’ अशी सही केल्यास काकांना ठाणे, सातारा आणि नागपूर अशा तिन्ही घरी फोन करून आभार मानावे लागतात. त्यातले एखादे घर ते आभार निमूटपणे स्वीकारतेही.

म्हणून मजकूर सहीपासून मागे रचत आणावा. आधी ‘बंड्या’, मग नमस्कार, मग काका: `Kaka, namaskar. Bandya`. चिन्हे 22. वाढदिवसाचा उल्लेख राहिला तरी चालतो. केक बघून काकांना तेवढे कळते. संध्याकाळी काकांचा फोन आला आणि पहिलाच प्रश्न ‘केक तूच पाठवलास ना?’ असा असेल, तर सही मर्यादेबाहेर गेली असे समजावे.