इतिवृत्तातला कर्ता कसा लपवावा
(हौसिंग सोसायटीच्या नवनिर्वाचित सचिवांसाठी)

अभिनंदन. कोणीच तयार नसल्यामुळे तुम्ही बिनविरोध निवडून आला आहात. आता दर महिन्याला इतिवृत्त लिहायचे आणि तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक ते लाल पेन घेऊन वाचणार. हिशेबात चूक झाली तर खजिनदार अडकतो, क्रियापद चुकले तर तुम्ही अडकता. सांभाळून लिहायला हवे.

आधी हे समजून घ्या की शुद्धलेखनाचे नियम इथे उपयोगाचे नाहीत. शासनाने १९६२ आणि १९७२ मध्ये मान्य केलेल्या त्या १८ नियमांचा बराचसा भाग अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ यांनी व्यापला आहे. वाक्याच्या शेवटी 'येईल' लिहावे की 'येतील', हे ते सांगत नाहीत. ते तुमचे तुम्हालाच बघायचे आहे, तेही वाक्य संपेपर्यंत जीव मुठीत धरून, कारण मराठीत क्रियापद शेवटी येते. कर्ता पहिल्या ओळीत बसवून तुम्ही निघता आणि चौथ्या ओळीत क्रियापदाशी पोहोचता तेव्हा तो कोण होता हे आठवत नाही. मग जो शेवटी भेटला त्यालाच कर्ता समजून मोकळे होता.

सचिवाची पहिली विद्या हीच: कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये होईल तेवढी गर्दी करावी. नमुना पाहा.

'गच्चीवरील कुंड्यांची रांग, जिच्यात तुळस, मोगरा आणि काही सभासदांनी समितीला न विचारता आणून ठेवलेली इतर झाडे आहेत, येत्या रविवारी हटवण्यात येतील.'

वाचताना डोळा अडखळत नाही, हेच या वाक्याचे यश. 'येतील' शेजारच्या 'झाडे'कडे बघून आले आहे आणि मागे 'कुंड्या' आहेतच. पण हटवायची आहे ती रांग. मुख्याध्यापक काय करतात ठाऊक आहे? ते दोन स्वल्पविरामांमधला मजकूर बोटाने झाकतात आणि उरलेले मोठ्याने वाचतात: 'कुंड्यांची रांग येत्या रविवारी हटवण्यात येतील.' कान लगेच ओरडतो. 'कुंड्यांची' या शब्दाला 'ची' लागली तिथेच कुंड्यांचा क्रियापदावरचा हक्क गेला. प्रत्यय न लागलेली, एकटी उभी असलेली 'रांग' एकवचनी स्त्रीलिंगी, म्हणून 'येईल'. (आणि खरे तर रांग हटवून कुंड्या तिथेच ठेवायच्या नाहीत ना? मग 'कुंड्या हटवण्यात येतील' असे सरळ लिहिले की भानगडच संपते. पण सरळ लिहिणारा माणूस सचिव होत नाही.)

यावर एक उतारा आहे: कर्त्याला 'ने' लावून टाकावा. 'समितीने, सचिवांनी आणि दोन सभासदांनी गच्ची पाहिली.' किती माणसे गच्चीवर गेली, कोणत्या लिंगाची होती, हे क्रियापद विचारतच नाही. ते गच्चीच्या मागे जाते. पण खरेदीच्या वाक्यात हाच उतारा उलटतो. 'समितीने चार खुर्च्या आणि एक पंखा विकत घेतला' हे व्याकरणात बसते, कारण वस्तूंच्या यादीत क्रियापद शेवटच्या नामाचे ऐकते. तरी वाचणाऱ्याला वाटते की पंख्याचे पैसे दिले आणि खुर्च्या उचलून आणल्या. क्रम फिरवून 'एक पंखा आणि चार खुर्च्या विकत घेतल्या' म्हणा. अनेकवचन शेवटी ठेवले की संशय मिटतो.

दुसरी विद्या समूहांची. समिती, मंडळ, मंडळी, जमाव ही माणसे भरून ठेवलेली एकवचने आहेत. त्यांतली 'मंडळी' म्हणजे सचिवाचा खरा मित्र. 'सभेला मंडळी जमली होती' असे लिहा आणि निर्धास्त झोपा. 'जमली' आणि 'होती' ही रूपे स्त्रीलिंगी एकवचनाची आहेत आणि नपुंसकलिंगी अनेकवचनाचीही. तुमच्या मनात काय होते ते कोणालाच सिद्ध करता येत नाही. बिंग फुटते ते 'आहे' आल्यावर. 'मंडळी जमली आहे' की 'आहेत'? भविष्यकाळातही तेच: 'येईल' की 'येतील'? घरच्या माणसांबद्दल बोलताना 'मंडळी गावाला गेली आहेत' असे आपण सर्रास म्हणतो आणि त्यात काही वावगे नाही. माझ्या मते दोन्ही चालते. मात्र एका परिच्छेदात एकच. म्हणूनच अनुभवी सचिव सगळे इतिवृत्त भूतकाळात लिहितात, आणि लोकांना वाटते ती फक्त पद्धत आहे.

समितीच्या बाबतीत ही पळवाट नाही. ती एकवचनी आहे आणि तशीच राहते. 'समिती सहा वाजता बसली आणि त्यांनी गळती तपासली' या वाक्यात समिती बसताना एक होती, उठताना अनेक झाली. 'तिने' लिहा. 'तिने' लिहिताना हात कचरत असेल तर 'समितीचे सदस्य सहा वाजता बसले' इथूनच सुरुवात करा.

आता सर्वांत कठीण प्रकार, उपस्थितांची यादी. 'अध्यक्ष, खजिनदार आणि दोन महिला सभासद उपस्थित' इथपर्यंत सगळे सुखरूप पोहोचतात. पुढे होते, होत्या की होती? 'होत्या' लिहिले तर अध्यक्षांचा लिंगबदल होतो. स्त्री-पुरुष एकत्र असले की नपुंसकलिंगी अनेकवचन हा जुना रिवाज, 'नवरा-बायको भांडत होती' या चालीवर; घरगुती बोलण्यात तो आजही कानाला गोड लागतो. पण अध्यक्ष आणि खजिनदार 'उपस्थित होती' असे छापले तर पुढच्या सभेत दुसरा विषय निघणार नाही. आजच्या कार्यालयीन मराठीत 'होते' चालते, तेच लिहा. वादच नको असेल तर यादीनंतर 'असे चौघेजण' घाला आणि 'होते' त्यांच्या गळ्यात टाका.

स्वतःचे नाव यादीत आले तर सावध. 'खजिनदार आणि मी बँकेत गेलो': 'मी' असला की बाकी सगळे त्याच्या मागे. 'किंवा' आला की तसे होत नाही, शेवटचा तेवढा जबाबदार: 'खजिनदार किंवा मी सही करीन'. सही टाळायची असेल तर 'मी किंवा खजिनदार सही करतील' लिहा; व्याकरणानेही हात वर केलेले असतील. आणि 'सह' लावून आणलेली माणसे मोजणीत धरू नका. 'प्लंबर तीन मदतनिसांसह आला' हेच बरोबर. चौघे जिना चढले तरी क्रियापदाला प्लंबर तेवढाच दिसतो. बिल चौघांचे येते, ती गोष्ट वेगळी.

या मार्गदर्शनाबाबत आक्षेप असल्यास सात दिवसांत लेखी कळवावेत. प्रत्येक आक्षेपाच्या वाक्यात कर्ता एकच असावा, आणि तो क्रियापदाच्या हाकेच्या अंतरावर उभा असावा.