संपूर्ण शुद्धी, जीएसटी वेगळा

लातूरच्या आडत बाजारात माझी हयात गेली. समोरचा माणूस मालाबद्दल कितीही शपथा घेवो, मी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची मूठभर तूर काढतो, एक दाणा दाताखाली फोडतो आणि मगच भाव बोलतो. "कट्" असा आवाज आला तर माल कोरडा, दाणा नुसताच चेपला तर ओला. तीस-पस्तीस वर्षांत या दातानं मला दगा दिलेला नाही. पण एका निसर्ग-निवासाचं गुळगुळीत पत्रक बायकोनं माझ्यापुढं ठेवलं, तेव्हा हा दात कुठं गेला होता कोण जाणे.

पत्रक देखणं होतं. सह्याद्रीच्या कुशीत तीन रात्री आणि चार दिवस. त्यात संपूर्ण पंचकर्म, पहाटे योग, धबधब्याखाली ध्यान, दुपारी दोरावरून कडा उतरणं, रात्री शेकोटी आणि गाणी. चार किलो वजन हमखास कमी. शिवाय "मधुमेहाला कायमचा निरोप". तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, जीएसटी वेगळा. दोघांचा आकडा जवळजवळ सहा क्विंटल तुरीच्या पट्टीएवढा झाला. मी फोन लावला आणि बाजारातल्या सवयीनं विचारलं, "तुमच्याकडं वैद्य कोण आहेत?" पलीकडून उत्साहानं उत्तर आलं, "सर, आमचे शेफ केरळचे आहेत." एवढ्यावर माझं समाधान झालं आणि मी निम्मी रक्कम आगाऊ पाठवून दिली.

माझा मेहुणा नांदेडचा. तिथल्याच शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात शिकला आणि आता स्वतःचा दवाखाना चालवतो. सासुरवाडीला गेलो तेव्हा मी ते पत्रक मुद्दाम त्याच्यासमोर पसरलं. आयुर्वेदावर दाजींची श्रद्धा बसली म्हणून तो खूश होईल, असा माझा हिशोब होता. त्यानं पत्रक दोनदा वाचलं आणि विचारलं, "दाजी, पंचकर्मातलं कोणतं कर्म करायलेत?"

"पाचही. संपूर्ण लिहिलंय की."

"वमन, विरेचन, बस्ती, नस्य, रक्तमोक्षण. म्हणजे उलटी, जुलाब, एनिमा, नाकात औषध आणि रक्त काढणं. हे सगळं चार दिवसांत? तुमाला सुट्टीला न्यायलेत का पोस्टमार्टेमला?"

मग त्यानं माझ्याच खिशातलं पेन काढून पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर एकट्या विरेचनाचा हिशोब मांडला. आधी पचन सुधारायचं औषध, धरा तीन दिवस. मग स्नेहपान, म्हणजे सकाळी उपाशीपोटी औषधी तूप प्यायचं. पहिल्या दिवशी थोडं आणि पुढं रोज वाढवत न्यायचं. कुणाला तीन दिवस पुरतात, कुणाला सात लागतात. कातडी मऊ पडली, शौचाला तुपकटपणा आला आणि तुपाचं नाव काढलं तरी मळमळायला लागलं, की थांबायचं. आपण पाच दिवस धरू. त्यानंतर तीन दिवस अंगाला तेल आणि वाफ. मग एक दिवस प्रत्यक्ष विरेचन. शुद्धी उत्तम झाली तर शास्त्रात तीस वेग सांगितलेत.

"वेग म्हणजे?"

"म्हणजे तीसदा जायचं."

मी पत्रकातल्या वेळापत्रकाकडं पाहिलं. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला सूर्योदय दर्शन होतं आणि त्यासाठी दीड तासाची डोंगरवाट चालायची होती.

हिशोब अजून संपला नव्हता. पोट धुऊन निघाल्यावर अग्नी मंद होतो, म्हणून लगेच भाकरी-ठेचा चालत नाही. आधी पातळ पेज, मग दाट पेज, मग मुगाचं कढण, असं पायरीपायरीनं जेवणावर यायचं. याला संसर्जन क्रम म्हणतात आणि त्याला आणखी सात दिवस लागतात. बेरीज आली एकोणीस. "एकोणीस दिवसांचं काम हे चार दिवसांत करणार. त्यातला पहिला अर्धा दिवस स्वागताच्या शहाळ्यात जाणार आणि शेवटचा अर्धा खोली सोडण्यात," मेहुणा म्हणाला. "आणि तेबी मे महिन्यात. भर उन्हाळ्यात शोधन टाळतात. विरेचनाचा काळ शरद ऋतू. दिवाळीच्या आधी या, इथंच करू."

मला मोह झाला. करायचं तर अस्सलच करू आणि त्यातच सुट्टीही उरकू, असं मी म्हणालो. त्यावर त्यानं चरकाचे आठ नियम ऐकवले. शोधन चालू असताना आणि नंतर प्रकृती ताळ्यावर येईपर्यंत या आठ गोष्टी टाळायच्या असतात. मोठ्यानं बोलायचं नाही. माझा धंदा लिलावाचा. मी "जय हरी"सुद्धा तीन दुकानांपलीकडं ऐकू जाईल असा म्हणतो. दुसरा नियम, रथक्षोभ टाळायचा, म्हणजे वाहनाचे धक्के खायचे नाहीत. त्याच सकाळी आम्ही अहमदपूर आणि लोह्यावरून नांदेडला आलो होतो आणि बायकोचा आंबाडा अजून एका बाजूला कलंडलेला होता. फार चालायचं नाही, फार वेळ एका जागी बसायचं नाही, दिवसा झोपायचं नाही. पहिलं पचल्याशिवाय पुन्हा खायचं नाही, नको ते खायचं नाही. आठवा नियम ब्रह्मचर्याचा. तो सांगताना मेहुण्यानं बहिणीकडं पाठ फिरवली आणि मी पंख्याकडं पाहिलं.

यादी ऐकून संपली तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मराठी माणूस सुट्टीत नेमक्या याच आठ गोष्टी करायला जातो. अस्सल पंचकर्म म्हणजे घरातला बंद खिडक्यांचा मुक्काम आणि त्यात दवाखान्याच्या चकरा. कडा उतरणं, शेकोटी आणि गाणी ज्या पत्रकात पंचकर्माच्या शेजारी बसतात, त्यातलं पंचकर्म नावापुरतंच असणार.

"मग उरतं काय?" आगाऊ रक्कम परत मिळत नाही, हे मी अजून घरात सांगितलं नव्हतं.

"उरतं की. अंगाला तेल लावतील, वाफ देतील, डोक्यावर तेलाची धार सोडतील. त्यानं अंग मोकळं होतं आणि झोप चांगली लागते. तेवढ्यासाठी जा. योगासनं शिकून या. पण गादीवर बसून धरलेली तुमची पाठ चार दिवसांत बरी होणार नाही. घरी दोन-तीन महिने रोज केली तर फरक पडंल. कॅन्सल कशाला करता?" त्यानं बहुधा माझा चेहरा वाचला होता.

एकाच ओळीवर मात्र त्याची थट्टा थांबली. ती ओळ मधुमेहाच्या निरोपाची. मला साखर आहे आणि दोन प्रकारच्या गोळ्या चालू आहेत. तो म्हणाला, मधुमेह, लठ्ठपणा किंवा रक्तदाब बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, त्यामुळं कागदावर असं छापणाऱ्याच्या बाकी ओळीही तपासून घ्या. तिथं कढणावर ठेवतील, दुसऱ्या दिवशी उपाशीपोटीची साखर कमी दिसेल आणि म्हणतील, बघा उतरली. खाल्लंच नाही तर साखर चढणार कुठून? खरा आकडा तीन महिन्यांच्या सरासरीचा, एचबीए१सी. चार दिवसांत तो जाग्यावरून हलत नाही. "आणि गोळ्या कुणी बंद करा म्हटलं तर करायच्या नाहीत. पण उपास करून तीच गोळी घेतली तर साखर एकदम खाली जाऊन चक्कर यायची. जायच्या आधी तुमच्या डॉक्टरला विचारा, कमी खाणार असलाव तर कोणती गोळी किती घ्यायची ते."

विचारलं, लिहून घेतलं आणि गेलो.

धबधबा नव्हता. पत्रकावर होता, डोंगरावर नव्हता. मे महिन्यात आमच्या किनवटकडचा सहस्रकुंडसुद्धा काळे खडक उघडे टाकून बसतो, हे ठाऊक असूनही मी पोहण्याची चड्डी नेली होती. तिथल्या मुलानं खडकाकडं हात करून सांगितलं, "सर, इथं ध्यान करताना पाणी आहे अशी कल्पना करायची." मी लातूरचा. २०१६ साली आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पाण्याची कल्पना करायला मला पैसे भरून शिकायची गरज नव्हती.

तेलाची मालीश मात्र उत्तम होती. मी मालीश चालू असतानाच घोरायला लागलो. योगाची शिक्षिका गुणी होती. जेवायला मुगाचं कढण होतं. एका वाटीत मूठभरही मूग नव्हते. क्विंटलाचा भाव मला तोंडपाठ असल्यामुळं तो घोट घशाखाली उतरायला वेळ लागला. पंचकर्माच्या नावाखाली सकाळी कोमट पाण्यातून एक चूर्ण मिळालं, ज्याचा काहीही परिणाम झाला नाही. त्याबद्दल मी मनातल्या मनात आभार मानले.

निघताना वजन झालं. तीन किलो दोनशे ग्रॅम कमी! प्रमाणपत्र मिळालं, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. तो फोटो गाडीत बसायच्या आत मी बाजारातल्या सगळ्यांना पाठवला.

बायकोनं अहिल्यानगर येईपर्यंत दम धरला. मग म्हणाली, "अहो, आलो त्या दिवशी तुमचं वजन कधी केलं?" संध्याकाळी केलं होतं. वाटेत मिसळ, वडा, दोन उसाचे रस झाल्यावर. अंगात जीन्स, पायात बूट आणि खिशात किल्ल्यांचा जुडगा. आणि निघताना? पहाटे उपाशीपोटी, लेंग्यावर. मापात पाप पकडण्यात माझं आयुष्य गेलं आणि मलाच कोणी दोन वेगळ्या मापांनी तोललं होतं.

मी पत्रकाच्या पाठीवरच्या मेहुण्याच्या हिशोबाखाली माझा हिशोब मांडला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. माझ्या वयाचा गादीवर बसणारा माणूस दिवसाला दोन हजारांच्या आसपास जाळतो. म्हणजे पाण्याशिवाय काहीही घेतलं नाही, तरी दिवसाला पाव किलोच्या पुढं चरबी जात नाही. कढण धरलं तर त्याहून कमी. मग बाकीचं गेलं ते काय? शरीरातला साखरेचा साठा आधी संपतो. तो साठा स्वतःच्या तिप्पट पाणी धरून बसलेला असतो, तेही त्याच्याबरोबर जातं. आमच्या धंद्यात याला ओलावा म्हणतात. हमीभावाच्या केंद्रावर तुरीत बारा टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की माल परत. तीच तूर चार दिवस उन्हात घातली की पोतं हलकं होतं, पण डाळ तेवढीच पडते.

लातूरला पोचल्यावर जेवलो. बायकोनं शेंगदाण्याची चटणी, भाकरी आणि आमटी केली होती आणि मी कढणाचा सूड घेतला. आठवड्यानं दुकानात गेलो तेव्हा फोटो पाहून सगळे जमलेले होते. शेजारच्या आडत्यानं आग्रह धरला, की शेठजींना आपल्याच काट्यावर चढवा, इथं फसवाफसवी नाही. मी बूट काढले, किल्ल्या काढल्या आणि चढलो. काट्यावरच्या हमालानं आकडा वाचला, माझ्या पोटाकडं पाहिलं आणि सवयीनं पुकारा केला, "ओलावा जास्त हाय मालक, वापस करावं लागंल."