अर्ज मंजुरीच्या प्रतीक्षेत

मा. अ‍ॅडमिन महोदय,
गावचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, बुरोंडी, ता. दापोली

सा. न. वि. वि.

गणपतीआधी पाठवलेली माझी विनंती शिमगा आला तरी आपल्या दारात उभीच आहे. आपल्या बारशाला मी जेवले आहे, पण तो पुरावा ग्राह्य धरावा असा माझा आग्रह नाही. नियम तो नियम.

आपली अडचण मला कळते. विनंती आली की आपल्याला दिसतो एक नंबर, ज्याचं त्याने ठेवलेलं नाव आणि फोटो. माझं आडनाव सासरचं, फोटो जास्वंदीचा. गावात त्या आडनावाचं घर नाही, तेव्हा मी परकी. त्याच आठवड्यात गावातलं आडनाव लावलेला एक नंबर मात्र तासाभरात आत आला आणि रात्री ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल टाकून मोकळा झाला. ती कुणी फोनमध्ये बसवली, तर बँकेचे ओटीपीसुद्धा चोराच्या हाती जातात. शिवाय आत आलेल्याला सगळ्यांचे नंबर दिसतात, त्यात लेकीसुना आल्याच.

तेव्हा चौकशी कराच, फक्त आडनावाची नको. लिंक पाठवताना तिच्याखालीच लिहा: पूर्ण नाव, वाडी आणि ग्रुपमधलं कोण ओळखतं ते अ‍ॅडमिनला कळवावं, माहेरवाशिणीने माहेरचं नावही द्यावं. मग त्या ओळखीच्या माणसाला आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करा. अर्जदाराने दिलेल्या नंबरवर केलात, तर चोराची साक्ष चोरच देईल. माझ्या बाबतीत भाऊ ग्रुपमध्येच आहे. त्याला एक फोन केला असता तर काम झालं असतं. आणि हेच प्रश्न पुढाऱ्याच्या पीएलाही विचारा.

कायद्याची धास्ती असेल तर ऐका. 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं, की संगनमत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी अ‍ॅडमिनला दोषी धरता येत नाही. त्याची सत्ता सदस्य घेण्या-काढण्यापुरतीच. कोर्टाने मान्य केलेली ती एवढीशी सत्तासुद्धा आपण धूळ खात ठेवलीत, याला विनय म्हणावं की काय!

उशिराचं कारण भावाकडून समजलं. तिघांपैकी एक अ‍ॅडमिन बोटीवर, दुसरा मुंबईत रात्रपाळीला आणि तिसऱ्याला वाटतं, त्या दोघांनी बघितलं असेल. आठवड्याला एकाची पाळी लावा. बोट बाहेर जाणार असेल तर पाळी बदलून घ्या. दोन दिवसांत ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘अमुक कळवा’ यातलं एक उत्तर जाऊ द्या. ‘नाही’ म्हणालात तर कारणही कळवा, म्हणजे खरा गाववाला कमी पडलेली माहिती देऊन पुन्हा विनंती करील.

आपली,
एक माहेरवाशीण

ता. क. जुनी लिंक रद्द करून नवी काढा. ती प्लॉट विकणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरते आहे. मलाही तिथूनच मिळाली.